एका पानाचा तक्ता आणि त्यातून गळालेल्या अटी

डेटा स्ट्रक्चर्सचा पेपर जवळ आला की सोलापुरात कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांतून एक पान हातोहात खपू लागतं. डावीकडे रचनांची नावं, मधे शोधणं, घालणं, काढणं अशा क्रिया, प्रत्येकीपुढे O(1), O(n), O(log n) यांपैकी काहीतरी आणि अगदी उजवीकडे ‘उपयोग’. बी.एस्सी. ईसीएसवाले असोत, बीसीएवाले असोत की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचे, पान थोड्याफार फरकानं तेच. कुणीतरी कधीतरी पुस्तकातलं अख्खं प्रकरण वाचून ते काढलेलं असतं. बाकीचे त्यावरून उतरवून घेतात.

असा तक्ता काढायला माझी काही हरकत नाही, उलट प्रत्येकानं तो स्वतःच्या हातानं काढावा. अडचण अशी की प्रकरण आटवताना आकडे पानावर येतात आणि आकड्यांच्या आधीची वाक्यं पुस्तकातच राहतात. होरोविट्झ आणि साहनी यांचं ‘फंडामेंटल्स ऑफ डेटा स्ट्रक्चर्स’ हे 1976 सालचं पुस्तक पिढ्यान् पिढ्या अभ्यासाला आहे (त्यातले सरताज साहनी जन्मानं पुण्याचे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं). अशा कुठल्याही पुस्तकात ‘अमुक नोडचा पत्ता दिलेला असेल तर’, ‘झाड समतोल असेल तर’ अशी वाक्यं आधी येतात आणि आकडा मागून येतो. तक्त्यावरचे गैरसमज जवळपास सगळे या ‘तर’च्या आधीचं वाक्य गळाल्यामुळे झालेले आहेत.

गैरसमज: लिंक्ड लिस्टमध्ये घालणं आणि काढणं O(1), म्हणून जिथे घालणं-काढणं जास्त तिथे लिंक्ड लिस्टच वापरायची.

तोंडी परीक्षेत हे वाक्य न अडखळता येतं. परीक्षकानं ‘कुठे घालायचं?’ एवढंच विचारलं की गाडी अडते.

लिस्टमध्ये नवा नोड जोडण्याचं काम खरोखर दोन ओळींचं आहे. `p` हा आधीचा नोड आणि `nn` हा नवा:

```c
nn->next = p->next;
p->next = nn;
```

लिस्टमध्ये दहा नोड असोत की दहा लाख, एवढंच करायचं असतं. म्हणून O(1). पण या दोन ओळी लिहिता याव्यात म्हणून `p` आधी हातात असावा लागतो. प्रश्नपत्रिकेत मात्र असं येतं, की ‘45 या किमतीच्या नोडनंतर 50 घाला’. आता 45 कुठे आहे ते शोधायचं, म्हणजे पहिल्या नोडपासून एकेक पुढे सरकत जायचं, आणि ते O(n). पूर्ण क्रियेचा खर्च O(n) झाला, त्यातला जोडण्याचा भाग तेवढा O(1). झेरॉक्सच्या पानावर हा भागच पूर्ण क्रिया म्हणून बसलेला असतो.

काढण्याचं प्रकरण याहून खोल आहे. एकेरी लिस्टमधला एखादा नोड काढायचा तर त्याच्या आधीच्या नोडचा `next` बदलावा लागतो. तुमच्या हातात काढायचाच नोड असला तरी एकेरी लिस्टमध्ये मागे वळून बघायची सोय नाही. पुढच्या नोडमधली माहिती या नोडमध्ये उतरवून घ्यायची आणि पुढचा नोड काढून टाकायचा, ही युक्ती काही पुस्तकांत असते. ती चालते, पण शेवटच्या नोडला तिचा उपयोग नाही, कारण त्याला ‘पुढचा’ नसतो. आणि शेवटच्या नोडचीच गंमत अशी, की त्याचा पत्ता `tail`मध्ये जपून ठेवला तरी तो काढायला O(n) लागतो. `tail` काढल्यावर नवा `tail` कोण, हे कळायला पहिल्यापासून चालत यावं लागतं. दुहेरी लिस्ट घेतली, म्हणजे प्रत्येक नोडला मागचाही पत्ता दिला, की हे काम O(1) मध्ये होतं. ‘लिंक्ड लिस्ट’ अशी एकच ओळ केली की नेमका हा फरक बुजतो. एकेरी आणि दुहेरी या तक्त्यात वेगळ्या ओळी हव्यात.

जाता जाता: वरच्या दोन ओळींचा क्रम उलटा करून बघा. `p->next = nn;` आधी लिहिलं की उरलेल्या लिस्टचा पत्ता पुसला जातो आणि मग `nn->next = p->next;` म्हणजे नवा नोड स्वतःकडेच बोट दाखवतो. प्रोग्रॅम कंपाइल होतो, चालतोही, आणि लिस्ट छापायला सांगितली की 50, 50, 50 असं पडदाभर थांबायचं नाव न घेता छापत सुटतो. लॅबमध्ये असं दिसलं की दुसरीकडे शोधाशोध करू नये, या दोन ओळी बघाव्यात. तक्ता पाठ असलेल्याला ही चूक सापडत नाही, कागदावर तीन चौकोन आणि बाण काढणाऱ्याला सापडते.

आता ‘म्हणून लिंक्ड लिस्टच वापरायची’ हा निष्कर्ष. क्रमानं लावलेल्या यादीत नवी किंमत योग्य जागी बसवायची आहे असं धरा. अॅरेमध्ये जागा बायनरी सर्चनं O(log n) मध्ये सापडते, पण जागा करायला पुढचे घटक सरकवावे लागतात, ते O(n). लिस्टमध्ये सरकवायचं काही नाही, पण जागा शोधायलाच O(n). तक्त्याच्या भाषेत दोघांची बरोबरी. प्रत्यक्ष यंत्रावर बहुतेक वेळा अॅरे पुढे जातो, कारण त्याचे घटक मेमरीत शेजारी शेजारी असतात. आजच्या बहुतेक प्रोसेसरांत मेमरीतून एका वेळी 64 बाइट उचलले जातात, म्हणजे चार बाइटचे सोळा पूर्णांक एका खेपेत येतात. लिस्टचे नोड मेमरीभर विखुरलेले असू शकतात आणि प्रत्येकासाठी वेगळी खेप पडू शकते. O हे चिन्ह खेपांचा हिशेब ठेवत नाही, n वाढला की खर्च कसा वाढतो तेवढंच सांगतं.

गैरसमज: बायनरी सर्च ट्रीमध्ये शोध O(log n).

हा गैरसमज मोडायला आपल्या जिल्ह्याचे अकरा तालुके पुरतात. वर्णानुक्रमे ते असे: अक्कलकोट, उत्तर सोलापूर, करमाळा, दक्षिण सोलापूर, पंढरपूर, बार्शी, मंगळवेढा, माढा, माळशिरस, मोहोळ, सांगोला.

ही नावं याच क्रमानं रिकाम्या झाडात घालत जा. अक्कलकोट मुळाशी. उत्तर सोलापूर त्याच्यानंतरचं, म्हणून उजवीकडे. करमाळा त्याच्याही नंतरचं, पुन्हा उजवीकडे. असं करत सांगोला येईपर्यंत डावीकडे एकही फांदी फुटत नाही. नाव झाडाचं, पण झाली आहे सरळ लिस्ट. सांगोला शोधायला अकरा तुलना. प्रत्येक तालुका एकेकदा शोधला तर एकूण 66 तुलना, सरासरी सहा.

आता तीच नावं वेगळ्या क्रमानं घाला. आधी मधलं बार्शी. मग दोन्ही अर्ध्यांतली मधली, करमाळा आणि माळशिरस. त्यानंतर अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा, मोहोळ. शेवटी उत्तर सोलापूर, पंढरपूर, माढा, सांगोला. या झाडाच्या चार पातळ्या झाल्या: एक, दोन, चार आणि चार नोड. सांगोला शोधायचं तर बार्शीशी तुलना, उजवीकडे, माळशिरसशी तुलना, उजवीकडे, मोहोळशी तुलना, उजवीकडे, आणि सापडलं. चार तुलना. सगळे तालुके एकेकदा शोधले तर 1 + 4 + 12 + 16, म्हणजे 33 तुलना, सरासरी तीन.

नावं तीच, घालण्याचा आणि शोधण्याचा कोडही तोच, बदलला तो फक्त क्रम. अकरा नावांत फरक सहा आणि तीनचा, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. एक लाख नावं असतील तर एकीकडे सतराच्या आसपास तुलनांत काम होतं आणि दुसरीकडे वाईटात वाईट वेळी एक लाख तुलना कराव्या लागतात.

कुणी म्हणेल, क्रमानं लावलेली माहिती झाडात कशाला कोण घालेल? तर खऱ्या कामात माहिती बहुतेकदा क्रमानंच येते. हजेरीपट रोल नंबरानं असतो, पावत्या पावती क्रमांकानं, नोंदी तारखेनं. म्हणजे साध्या झाडाची सर्वांत वाईट अवस्था ही क्वचित घडणारी नाही, रोजची आहे. आपलं झाड असं लांबलं आहे का, हे कळायचा सोपा उपाय म्हणजे झाडाची उंची मोजणारं चार ओळींचं फंक्शन लिहिणं. हजार नोडांच्या झाडाची उंची दहा-वीसच्या घरात आली तर ठीक, कित्येक शेकड्यांत गेली तर झाडाचा उपयोग संपला.

यावर उपाय 1962 सालीच निघाला. आदेल्सन-वेल्स्की आणि लँडिस या दोघा सोव्हिएत गणितज्ञांनी घालता-काढताना झाड फिरवून समतोल ठेवायची रीत दिली. त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला एव्हीएल म्हणतात. त्या झाडात O(log n) ही खात्री आहे. साध्या बायनरी सर्च ट्रीत ती आशा आहे. झेरॉक्सच्या पानावर दोघं एकाच ओळीत बसवलेले मी पाहिलेत, का तर जागा वाचते.

गैरसमज: O म्हणजे वर्स्ट केस.

या एका गोष्टीवर वर्गात दरवर्षी वाद होतो. वाढीची वरची मर्यादा सांगणारं हे चिन्ह पॉल बाखमान यांनी 1894 मध्ये संख्या सिद्धांताच्या पुस्तकात वापरलं, तेव्हा वर्स्ट केस हा प्रश्नच त्यांच्यासमोर नव्हता. वर्स्ट, ॲव्हरेज, बेस्ट हे आपण कुठल्या प्रकारच्या इनपुटबद्दल बोलतो ते ठरवतं, आणि त्या इनपुटवरचा खर्च किती वेगानं वाढतो ते O सांगतं. क्विकसॉर्टचा ॲव्हरेज केस O(n log n) आणि वर्स्ट केस O(n²), दोन्ही O नंच लिहितात. तेव्हा तक्त्यात नुसतं O(n log n) लिहिणं म्हणजे कुठल्या गावचं ते न सांगता नुसता पिनकोड देण्यासारखं आहे, पत्र कुठेतरी पोचेल खरं. रकान्याच्या डोक्यावर ‘सरासरी’ किंवा ‘सर्वांत वाईट’ हे लिहायलाच हवं.

गैरसमज: हॅश टेबल O(1), म्हणजे सगळ्यांत चांगलं, बाकीच्या रचना फक्त परीक्षेपुरत्या.

पायथॉन शिकून आलेली मुलं हे म्हणतात, कारण `dict` नं त्यांचं कधी अडलेलं नसतं. इथला O(1) सरासरीचा आहे, आणि ती सरासरी हॅश फंक्शन किल्ल्या सगळ्या कप्प्यांत नीट पसरवेल या गृहीतावर उभी आहे. गृहीत मोडलं की सगळ्या किल्ल्या एकाच कप्प्यात जमा होतात आणि शोध O(n) होतो.

ते कसं मोडतं, हे जावामध्ये हातानं करून बघता येतं. जावात दोन अक्षरांच्या शब्दाचा हॅश म्हणजे पहिल्या अक्षराचा कोड गुणिले 31, अधिक दुसऱ्याचा कोड. `"Aa"` साठी 65 × 31 + 97 = 2112. `"BB"` साठी 66 × 31 + 66, तेही 2112. दोन्ही शब्दांचा हॅश एकच. मग `"AaAa"`, `"AaBB"`, `"BBAa"`, `"BBBB"` या चौघांचाही हॅश एकच येतो, आणि अशा दहा जोड्या एकापुढे एक लावल्या की एकच हॅश असलेले 1024 वेगवेगळे शब्द तयार. कुणाला मुद्दाम त्रास द्यायचा असेल तर असे शब्द वेबसाइटच्या फॉर्ममधून हजारोंनी पाठवले की पुरे. डिसेंबर 2011 मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये हे जाहीरपणे दाखवलं गेलं, आणि त्यात पीएचपी, जावा, पायथॉन असे बरेच जण सापडले. पायथॉननं त्यानंतर 3.3 आवृत्तीपासून शब्दांच्या हॅशमध्ये दर वेळी वेगळा यादृच्छिक आकडा मिसळायला सुरुवात केली. जावानं आठव्या आवृत्तीत, 2014 साली, वेगळी वाट धरली: मोठ्या टेबलात एखाद्या कप्प्यात आठाहून जास्त नोंदी साचल्या की त्या कप्प्याची लिस्ट मोडून तिथे समतोल झाड बांधायचं. म्हणजे ज्या झाडाला ‘परीक्षेपुरतं’ म्हटलं, तेच हॅश टेबलच्या पोटात बसलं आहे.

शिवाय हॅश टेबलला क्रम नसतो. ‘मोहोळनंतर वर्णानुक्रमे कुठला तालुका?’ हे झाडाला विचारता येतं. हॅश टेबलला विचारलं तर सगळ्या नोंदी चाळाव्या लागतात.

इथे तक्त्यातला आणखी एक घोळ सांगून टाकतो. वाढत्या अॅरेच्या शेवटी घटक जोडणं हेही ‘सरासरी O(1)’ म्हणून हॅशच्या शेजारी बसवतात, पण या दोन सरासऱ्या एका जातीच्या नाहीत. अॅरे भरला की दुप्पट जागा घेऊन सगळे घटक तिकडे उतरवतात. एका जागेपासून सुरुवात करून सोळा घटक जोडले तर उतरवण्याचं काम 1 + 2 + 4 + 8, म्हणजे 15 वेळा. एखादी जोडणी महाग पडते, पण एकूण हिशेब घटकामागे दोनाच्या आतच राहतो, इनपुट कसंही असो. याला ‘अमॉर्टाइज्ड’ म्हणतात आणि ती खात्री असते. हॅशची सरासरी ही शक्यता असते. तक्त्यात दोन्हींना नुसतं ‘सरासरी’ लिहू नये.

गैरसमज: ‘उपयोग’ हा रकाना भरतीचा.

तिथे ठरलेली वाक्यं असतात: स्टॅक, अन-डूसाठी. क्यू, प्रिंटरसाठी. ट्री, फाइल सिस्टिमसाठी. ग्राफ, नकाशासाठी. चूक कुठलंच नाही, पण त्यांचा शेजारच्या आकड्यांशी काही संबंध जोडलेला नसतो. उपयोग हा आकड्यातून निघाला पाहिजे. हीपचं उदाहरण घ्या: सर्वांत लहान घटक बघणं O(1), काढणं O(log n), पण एखादा ठरावीक घटक शोधणं O(n). यावरून उपयोग आपोआप ठरतो: जिथे कायम ‘पुढचा सगळ्यांत तातडीचा कोण’ एवढंच विचारायचं आहे तिथे हीप, जिथे ‘अमुक रोल नंबर यादीत आहे का’ विचारायचं आहे तिथे नाही.

हे सगळं धरून पानाचा थोडा भाग पुन्हा मांडला तर असा दिसतो:

| रचना | क्रिया | वेळ | अट | म्हणून कुठे |
|---|---|---|---|---|
| अॅरे | क्रमांकावरून वाचणं | O(1) | काही नाही | जागा आधीच माहीत असेल तिथे |
| एकेरी लिस्ट | नोडनंतर घालणं | O(1) | नोडचा पत्ता हातात हवा | स्टॅक. `tail` ठेवला तर क्यू |
| एकेरी लिस्ट | किंमत शोधून घालणं | O(n) | काही नाही | लहान याद्या |
| एकेरी लिस्ट | शेवटचा काढणं | O(n) | `tail` असला तरी | इथे दुहेरी घ्यावी |
| बायनरी सर्च ट्री | शोध | O(log n) | समतोल असेल तरच, नाहीतर O(n) | माहिती विस्कळीत क्रमानं येते तिथे |
| एव्हीएल | शोध | O(log n) | सर्वांत वाईट वेळीही | क्रम आणि खात्री दोन्ही हवी तिथे |
| हॅश टेबल | शोध | O(1) | सरासरी. हॅश बिघडला तर O(n) | क्रम नको, फक्त आहे-नाही |
| हीप | लहानतम काढणं | O(log n) | सर्वांत वाईट वेळीही | तातडीच्या क्रमानं कामं |

लिंक्ड लिस्टच्या तीन ओळी झाल्या, म्हणून पान लांबलं. लांबू द्या. पान एकच हवं असेल तर रचना कमी करा, अटीचा रकाना कापू नका.

आणि या पानाचीही झेरॉक्स काढू नका. पुस्तक उघडा, अटीचा रकाना आधी स्वतः भरा आणि मगच वेळेचा. एखाद्या आकड्यापुढे अट काय लिहावी ते सुचलं नाही, तर प्रकरणाचं तेवढं पान पुन्हा वाचा.